नाळेतलं रक्त: टाकाऊपासून पॅकेजपर्यंत

बाळंतपणासाठी नाव नोंदवायला गेलात की काउंटरवर पॅकेजचा कागद हातात येतो. नॉर्मल डिलिव्हरी, सिझेरियन, खोलीचा प्रकार, आणि खाली कुठेतरी 'स्टेम सेल प्रिझर्व्हेशन'. कधी ते पॅकेजातच बसवलेलं असतं, तर कधी सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर एक हसतमुख तरुण-तरुणी तुम्हाला बाजूला घेऊन बसतात. नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढे ऐंशी आजारांवर उपयोगी पडेल, ही संधी आयुष्यात एकदाच येते. घरी जाऊन तुम्ही पॉलिसी उघडता. त्यात हा खर्च मिळत नाही असं लिहिलेलं दिसतं. मग प्रश्न पडतो, की इतकी मोलाची गोष्ट असेल तर विमा कंपनी पैसे का देत नाही? आणि ती देत नसेल तर आपण द्यावेत का?

याचं उत्तर नीट समजायचं तर ही कल्पना आली कुठून ते बघावं लागतं. इतिहास मोठा नाही, जेमतेम चाळीसेक वर्षांचा आहे. पण त्यात एक वळण असं आहे की ते लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पूर्वी आपल्याकडे वार अंगणात पुरायची पद्धत होती. जिथं नाळ पुरली ते गाव आपलं, असं आपण अजून म्हणतो. प्रसूती दवाखान्यात व्हायला लागल्यावर वारेचं अंगण सुटलं आणि ती कचऱ्यात गेली. आज जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत जाते. म्हणजे १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या बहुतेक दवाखान्यांत नाळेतलं रक्त हा फक्त पुसून टाकायचा पदार्थ होता.

पॅरिस, ऑक्टोबर १९८८

रक्ताच्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशी मोठ्या माणसात हाडांच्या मगजात राहतात. पोटातल्या बाळात मात्र त्या रक्तातूनही फिरत असतात आणि जन्माच्या क्षणी नाळ-वारेतल्या रक्तात त्यांची बऱ्यापैकी गर्दी असते. एडवर्ड बॉइस या शास्त्रज्ञाला वाटलं की मगजाऐवजी हे रक्तच प्रत्यारोपणाला वापरता येईल. इंडियाना विद्यापीठातल्या हॅल ब्रॉक्समायर यांनी ते तपासायला घेतलं. वेगवेगळ्या दवाखान्यांतून नाळेच्या रक्ताचे नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत येऊ लागले. हे रक्त साध्या खोलीच्या तापमानाला तीन दिवस राहिलं तरी त्यातल्या मूळ पेशी टिकतात आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावरही काम करतात, असं त्यांना दिसलं. आज तुमच्या प्रसूतीच्या खोलीतून कुरिअरनं पिशवी दुसऱ्या शहरात जाते ना, ती याच निरीक्षणाच्या भरवशावर.

आता पेशंट. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला पाच वर्षांचा एक मुलगा. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होता. हा जनुकीय आजार आहे. यात मगज हळूहळू रक्त बनवणं थांबवतं. त्याची आई पुन्हा गरोदर होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या आर्लीन ऑअरबाख यांनी गर्भाची तपासणी केली. पोटातल्या बाळाला हा आजार नव्हता आणि भावाशी तिच्या पेशींची जुळणीही पूर्ण होती.

इथे थोडा थांबून हिशेब करू, कारण पुढे तो पुन्हा लागणार आहे. अशा आजारात आई-वडील दोघेही वाहक असतात, त्यामुळे पुढच्या बाळाला आजार नसण्याची शक्यता चारात तीन. भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. दोन्ही एकत्र यायला सोळात तीन, म्हणजे जेमतेम एकोणीस टक्के. या कुटुंबाला ते दान पडलं.

बहीण जन्मली, तिच्या नाळेतलं रक्त गोळा झालं, इंडियानात गोठवून ठेवलं आणि नंतर गोठलेल्या अवस्थेतच पॅरिसला नेलं. सेंट लुई हॉस्पिटलमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ऑक्टोबर १९८८ मध्ये ते त्या मुलाला दिलं. १९८९ मध्ये याचा अहवाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तो मुलगा मोठा झाला आणि पुढे अनेक वर्षं निरोगी जगला.

मी ज्या वळणाचं म्हणत होतो ते इथंच आहे. त्या मुलाला वाचवलं ते बहिणीच्या रक्तानं. त्याच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवलेलं असतं तर त्याचा काहीही उपयोग झाला नसता, कारण त्यातल्या प्रत्येक पेशीत तोच बिघडलेला जनुक असता. नाळेच्या रक्ताचा इतिहासातला पहिला विजय हा दुसऱ्याच्या रक्ताचा विजय आहे. जाहिरातीत मात्र गोष्ट सांगितली जाते ती 'तुमच्या बाळाचं रक्त तुमच्या बाळासाठी' अशी.

एकाच गोष्टीतून दोन दुकानं

पॅरिसनंतर रस्ता दुभंगला. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सार्वजनिक बँक उभी केली. रक्तपेढीसारखीच: आईनं दान करायचं, पैसे द्यायचे नाहीत, रक्त ज्याला जुळेल त्याला मिळेल. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. जोॲन कुर्त्झबर्ग यांनी अशा अनोळखी दात्याच्या नाळरक्ताचं प्रत्यारोपण केलं. नात्यातला दाता नसलेल्या मुलांसाठी हे दार उघडलं आणि त्यातून खरोखर हजारो जीव वाचले. याबद्दल कुणी शंका घेऊ नये. नाळरक्त हे थोतांड नाही.

दुसरा रस्ता खासगी बँकांचा. यात आई-वडील पैसे भरतात आणि पिशवी त्यांच्या नावानं राहते. विक्रीचं वाक्य ठरलेलं: बायोलॉजिकल इन्शुरन्स, म्हणजे जैविक विमा. हा शब्द फार हुशारीनं निवडलेला आहे. विमा म्हटलं की धोका किती आणि भरपाई किती हे आपण विचारत नाही, 'असलेला बरा' म्हणतो.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं १९९९ मध्येच सांगितलं की असा विमा म्हणून खासगी साठवण करायला आधार नाही, आणि २००७ व २०१७ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. २००७ च्या निवेदनात एक आकडा आहे: मुलाला स्वतःचंच नाळरक्त लागण्याची शक्यता हजारात एक पासून दोन लाखांत एक इतकी पसरलेली सांगितली गेली होती. अंदाजांत दोनशेपट फरक आहे, तेव्हा आकड्यापेक्षा कारणं बघू.

पहिलं कारण वर आलंच. थॅलेसेमिया, सिकलसेल, फॅन्कोनी, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार, या सगळ्यांत बाळाच्या स्वतःच्या पिशवीत तोच दोष असतो. 'ऐंशी आजार' ही यादी खोटी नाही; पण त्यातले बहुसंख्य आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे होतात, हे त्या पानावर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

दुसरं, ल्युकेमिया. पालकांना सगळ्यात जास्त भीती याची असते. लहान मुलांच्या ल्युकेमियात बहुतेकांना आज औषधांनीच बरं केलं जातं. ज्या थोड्यांना प्रत्यारोपण लागतं, त्यांनाही आपण शक्यतो दुसऱ्याच्याच पेशी देतो. दात्याच्या पेशी उरलेल्या कॅन्सरपेशींना परक्या म्हणून ओळखून मारतात, आणि हाच त्या उपचाराचा मोठा भाग आहे. स्वतःच्या पेशी हे करत नाहीत. शिवाय काही मुलांमध्ये ल्युकेमियाची पहिली जनुकीय खूण जन्माच्या वेळच्याच रक्तात सापडते. म्हणजे पिशवीत रोगाचं बीही साठलेलं असू शकतं.

तिसरं कारण मात्रेचं. प्रत्यारोपणाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. वीस किलोच्या मुलाला पन्नास कोटी. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त मिळतं, आणि त्यात मोठ्या माणसाला पुरतील इतक्या पेशी क्वचितच असतात. त्यामुळे सार्वजनिक बँका गोळा झालेल्या पिशव्यांपैकी बऱ्याचशा पेशी कमी म्हणून साठवतच नाहीत. खासगी बँक मात्र कमी भरलेली पिशवीही ठेवून घेते, कारण फी पिशवीची आहे, पेशींची नाही. तुम्ही आधीच साठवलं असेल तर आलेल्या रिपोर्टमध्ये 'टोटल न्यूक्लिएटेड सेल्स' हा आकडा शोधा आणि अडीच कोटींनी भागा. किती किलोच्या माणसापर्यंत ती पिशवी पुरेल ते कळेल. वीस-पंचवीस किलो उत्तर आलं तर 'पंचाहत्तर वर्षं साठवण' या योजनेचा अर्थ काय, ते तुम्हीच ठरवा. अर्धांगवायू, मधुमेह, ऑटिझम असली नावं त्या पुस्तिकेत असतील तर ती संशोधनातली आहेत, मान्य झालेल्या उपचारांतली नाहीत.

भारतात आल्यावर

आपल्याकडे हे २०००च्या पहिल्या दशकात आलं. चेन्नईची लाइफसेल २००४ ची. मुंबई, गुरगाव, कोलकाता, अहमदाबाद परिसरात इतर कंपन्या आल्या. सार्वजनिक बँकांचे प्रयत्न झाले, पण एकेक नमुना गोळा करून तपासून साठवायला लागणारा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न सुटला नाही, आणि खासगी साठवण पुढे निघून गेली. परदेशात वर्षाला ठरावीक भाडं द्यायचा रिवाज. इथं ते हप्त्यांवर आलं, आणि पन्नास हजार ते लाखभराचा निर्णय महिन्याच्या दोन-तीन हजारांचा वाटू लागला. चित्रपटातल्या नामवंत आया जाहिरातीत दिसू लागल्या.

सरकारी बाजूनं दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींचा गैरसमज झाला. २०११ च्या दुरुस्तीनं औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत नाळरक्त बँकांसाठी स्वतंत्र भाग आला आणि परवाना सक्तीचा झाला. म्हणून 'आमच्याकडे सरकारी परवाना आहे' हे वाक्य खरं असतं. पण हा परवाना रक्त स्वच्छतेनं गोळा केलं, तपासलं, नीट गोठवलं याचा आहे. साठवण्याची गरज आहे की नाही याबद्दल तो काही बोलत नाही. रेस्टॉरंटला परवाना असतो म्हणून रोज बाहेर जेवा असा सल्ला होत नाही, तसंच.

दुसरी गोष्ट कराची. २०१४ मध्ये या बँकांच्या सेवेला सेवाकरातून सूट मिळाली आणि ती जीएसटीतही चालू राहिली. 'सरकारनंसुद्धा आरोग्यसेवा मानली आहे' असं तेव्हा सांगितलं जाई. १८ जुलै २०२२ पासून ती सूट काढून घेतली गेली आणि या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. डॉक्टरची फी करमुक्त, आणि पिशवीची साठवण करपात्र.

दरम्यान भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलं की सध्या फक्त नाळरक्ताच्या साठवणीलाच परवानगी आहे. नाळेचा तुकडा, वार, दुधाचे दात, मासिक पाळीचं रक्त यांच्या व्यावसायिक साठवणीला नाही. तरीही 'कॉर्ड टिश्यू ॲड-ऑन' अशी ओळ तुम्हाला पॅकेजात दिसू शकते. दिसली तर विचारा. आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१८ मध्ये जे म्हटलं ते थोडक्यात असं: घरात आधीच प्रत्यारोपणानं बरा होणारा आजार असलेलं कुणी असेल तर साठवण जरूर करा, नसेल तर खासगी साठवण म्हणजे जैविक विमा नव्हे.

२०१७ मध्ये 'कम्युनिटी बँकिंग' आलं. सगळ्या सभासदांच्या पिशव्या एका साठ्यात, आणि ज्याला लागेल त्याला जुळणारी कुठलीही. कल्पना म्हणून ही जुन्यापेक्षा शहाणी आहे. पण ती विकताना एक जुनी गोष्ट गुपचूप कबूल झाली, की आपली पिशवी आपल्याला सहसा उपयोगी नसते. तोपर्यंत त्याच पालकांना नेमकं उलटं सांगितलं जात होतं. आणि मात्रेचं गणित या साठ्यालाही चुकत नाही. त्यात भर म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण खूप सुधारलं. आता आई किंवा वडीलही दाता होऊ शकतात, आणि मोठ्यांमध्ये नाळरक्ताचा वापर त्यामुळे कमी झाला आहे.

साठवणीतही गोष्टी बिघडतात. २०१९ मध्ये युरोपातली क्रायो-सेव्ह ही मोठी कंपनी बंद पडली, आणि पालकांच्या पिशव्या पोलंडला हलवल्या गेल्या. सिंगापूरमध्ये २०२३ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला कॉर्डलाइफच्या सात टाक्यांमध्ये तापमान योग्य राखलं गेलं नव्हतं असं आढळलं. पालकांना हे घरबसल्या कळायला काहीच मार्ग नसतो. गोठलेली पिशवी चांगली आहे की नाही हे ती वितळवल्याशिवाय पक्कं समजत नाही.

विमा का देत नाही

भारतात मेडिक्लेम १९८६ मध्ये आला तेव्हाच बाळंतपण बाहेर ठेवलं गेलं. विम्याचं गणित अचानक येणाऱ्या खर्चावर चालतं. बाळंतपण ठरवून होतं. पुढे कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटी जोडली गेली, पण ठरावीक मर्यादेत. वैयक्तिक पॉलिसीत ती मिळाली तर नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत थांबायची अट असते.

स्टेम सेलबद्दल जुन्या पॉलिसींमध्ये सरसकट वाक्य असे: स्टेम सेल काढणं, साठवणं, वापरणं, काहीच मिळणार नाही. २०१९ मध्ये विमा नियामकानं नियम सुधारले आणि काही आधुनिक उपचार नाकारता येणार नाहीत असं ठरवलं. त्यात रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूळपेशींचं, म्हणजे मगजाचं प्रत्यारोपण आहे. बघा, किती सूचक आहे हे. उद्या मुलाला खरंच प्रत्यारोपण लागलं तर पॉलिसी, तिच्या मर्यादेत, उपचाराचे पैसे देते. साठवणीचे देत नाही, कारण साठवण हा कुठल्याही आजारावरचा उपचार नाही. त्या दिवशी बाळ निरोगी असतं.

बाळंतपणातल्या बाकीच्या किरकोळ गोष्टींचा इतिहास वेगळा आहे. दवाखाने बिलात काय काय लावतात यावर इतके वाद झाले की २०१३ मध्ये नियामकानं न मिळणाऱ्या १९९ बाबींची यादीच काढली. नंतर ती सुधारली गेली. डायपर, सॅनिटरी पॅड, बेबी फूड, डिलिव्हरी किट, कपडे धुण्याचा खर्च, पाहुण्यांची सोय, हे सगळं त्यात आहे. फोटोशूट आणि 'वेलकम बेबी' हँपर हे उपचार नाहीत, तेव्हा ते मिळत नाहीत यात नवल नाही.

आता एक बिल मांडू. आकडे माझे, समजण्यासाठी घेतलेले, पण पुण्यात अशी बिलं रोज बनतात. हिंजवडीतल्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, सिझेरियनची मर्यादा ७५,००० रुपये. दवाखान्याचं पॅकेज १,२०,०००. त्यात खोली, शस्त्रक्रिया आणि भूल मिळून ८८,०००, औषधं १४,०००, बालरोगतज्ज्ञ व नर्सरी ६,०००, डिलिव्हरी किट, पॅड, डायपर ६,५००, हँपर आणि फोटो ५,५००. नाळरक्त वेगळं: ६५,००० आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ११,७००. एकूण १,९६,७००.

कॅशलेस मंजूर झालं तेव्हा नवरा-बायकोला वाटलं बहुतेक भागलं. टीपीएनं आधी किट, डायपर, हँपर, फोटो यांचे १२,००० काढले. उरले १,०८,०००. त्यातले मर्यादेपर्यंतचे ७५,००० मिळाले. नाळरक्ताचे ७६,७०० त्यांच्या समोर आलेच नाहीत, कारण तो करार दवाखान्याशी नव्हता, एका वेगळ्या कंपनीशी होता. खिशातून गेले १,२१,७००.

या बिलात लोक भांडतात ते डायपरवरून. पण नीट पाहा, ते १२,००० मंजूर झाले असते तरी मिळालेली रक्कम ७५,०००च राहिली असती, कारण मर्यादा आधीच संपली होती. खिशाला खरा खड्डा पडला तो त्या एका ओळीनं. म्हणून पॅकेज घेताना दोन प्रश्न पुरेसे आहेत: माझी मॅटर्निटीची मर्यादा किती, आणि या कागदावरचं काय काय दवाखान्याच्या बिलात येणार नाही? नाळरक्त पॅकेजात 'मोफत' बसवलेलं असेल तर ते काढून पॅकेजची किंमत किती, हे लेखी मागा. किंमत उतरली तर ते मोफत नव्हतं. आणि ज्या डॉक्टरांनी सुचवलं त्यांना या शिफारशीबद्दल काही मोबदला मिळतो का, हेही विचारायला हरकत नाही. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन घेणं आमच्या व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, तेव्हा सरळ डॉक्टरला या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही.

एक मात्र सांभाळा. नको ते काढताना हवं ते काढू नका. बँकांच्या पॅकेजात पुष्कळदा बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन करायची नवजात तपासणीही असते. तिचाही खर्च पॉलिसी बहुधा देत नाही, पण ती करायचीच. थायरॉइड जन्मतः कमी असलेलं बाळ दिसायला अगदी ठीक असतं. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी शाबूत राहते, उशीर झाला तर नाही. गोव्यात २००८ मध्ये सरकारनं ही तपासणी राज्यभर सुरू केली होती. ती वेगळी करून घेता येते, आणि खर्च साठवणीच्या तुलनेत किरकोळ असतो.

आणि 'नाहीतर वायाच जाणार ना ते रक्त?' हा प्रश्न. वाया जायची गरज नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न चिमटता एक ते तीन मिनिटं थांबलं तर एका मिनिटात साधारण ८० आणि तीन मिनिटांत १०० मिलिलिटरपर्यंत रक्त बाळातच जातं. त्यातलं लोह त्याला पुढचे महिने पुरतं. आपल्याकडे सहा महिन्यांच्या बाळांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात नाळ उशिरा बांधणं हा एक ठरवलेला उपाय आहे. पिशवी भरायची तर वारेत रक्त शिल्लक राहायला हवं, बाळाला द्यायचं तर ते शिल्लक राहत नाही. दोन्ही पुरेपूर होत नाही, आणि हे साठवणीची माहिती देणारा माणूस सहसा स्वतःहून सांगत नाही. तुम्ही साठवणार असलात तरी प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की पिशवी कमी भरली तरी चालेल, नाळ घाईनं बांधू नका.

आता ज्यांनी साठवलंच पाहिजे त्यांच्याबद्दल. तुमच्या मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि तुम्ही पुन्हा गरोदर आहात, तर पॅरिसचीच गोष्ट तुमच्या घरी घडू शकते. तेच सोळात तीन. गर्भाची थॅलेसेमिया तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, आणि त्याच नमुन्यावर भावंडाशी जुळणीही पाहता येते का हे तेव्हाच विचारा. मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञांना गरोदरपण कळताच सांगा. कुठल्या बँकेत, कोणत्या पद्धतीनं पिशवी ठेवायची हे त्यांच्या प्रत्यारोपण केंद्राला विचारून ठरू द्या, कारण वापरणार ते आहेत. पिशवी कमी भरली तरी हरकत नसते, कारण तेच भावंड थोडं मोठं झाल्यावर त्याच्या मगजातल्या पेशी जोडीला घेता येतात. आणि ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांनी पुस्तिका चाळण्याआधी नवरा-बायको दोघांची एचबी-ए-टू ही थॅलेसेमिया वाहक असण्याची तपासणी करून घ्यावी. सिंधी, कच्छी, भानुशाली, पंजाबी कुटुंबांत तर नक्कीच, पण मराठी घरांतही. ती तिसऱ्या महिन्याच्या आत झाली तर पुढचा विचार करायला वेळ मिळतो. सातव्या महिन्यात, त्या हसतमुख माणसासमोर बसलेलं असताना, तो नसतो.